दोन डावीकडे, दोन उजवीकडे

आलेखाच्या कागदावर y = x² हा वक्र काढा. x ला 0, 1, 2, 3 अशा किमती दिल्या की y ला 0, 1, 4, 9 मिळतात, आणि ऋण बाजूलाही तेच आकडे येतात. बिंदू जोडले की Y-अक्षाच्या दोन्ही अंगांना सारखी वर चढणारी, वाटीसारखी आकृती तयार होते. हा अन्वस्त. आता या वाटीच्या खाली एक बिंदू घ्या, समजा (1, −3). या बिंदूतून निघून वक्राला नुसता स्पर्श करून पुढे जाणाऱ्या रेषा किती, आणि त्या शोधायच्या कशा?

अकरावी-बारावीत हा प्रश्न हमखास भेटतो आणि तो हमखास चुकतोही. चुकण्याची तऱ्हाही ठरलेली असते. विद्यार्थी नुकतंच अवकलन शिकलेला असतो. x² चा अवकलज 2x, बिंदूचा x निर्देशक 1, म्हणून चढ 2. मग (1, −3) मधून 2 चढाची रेषा काढायची: y = 2x − 5. उत्तर सुबक दिसतं. पण ही रेषा वक्राला कुठे भेटते ते पाहायला गेलं तर x² = 2x − 5 सोडवावं लागतं. सगळं एका बाजूला घेतलं की ते (x − 1)² + 4 = 0 असं होतं. वर्ग ऋण होत नाही, त्यात 4 मिळवले तर ते शून्य होण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे ही रेषा वक्राला कुठेच भेटत नाही. जिथे ती सर्वांत जवळ येते तिथेही उभ्या दिशेत 4 एककं खाली राहते.

अवकलज वक्राचा चढ सांगतो, आणि तो वक्रावरच्या बिंदूपाशीच विचारता येतो. (1, −3) वक्रावर नाही. ज्या बिंदूपाशी रेषा टेकणार आहे तिथला चढ आपल्याला हवा आहे, आणि तो बिंदू कुठे आहे हेच तर माहीत नाही. तेव्हा अज्ञात मानायचा तो स्पर्शबिंदू. एवढं लक्षात आलं की निम्मं काम झालं.

पुढे जाण्याआधी ‘स्पर्श’ म्हणजे काय ते पक्कं करू. ‘जी रेषा वक्राला एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका’ असं वर्तुळाच्या बाबतीत आपण शिकलेलो असतो आणि तिथे ते चालतं. अन्वस्ताला मात्र ते पुरत नाही. आपल्याच बिंदूतून जाणारी उभी रेषा x = 1 पाहा. ती वक्राला फक्त (1, 1) मध्ये भेटते, पण स्पर्श वगैरे काही करत नाही, सरळ आरपार आत शिरते. स्पर्शिका ओळखायची तर दोन ठिकाणी छेदणारी रेषा घ्यावी आणि ते दोन छेदनबिंदू एकमेकांत मिसळेपर्यंत जवळ आणावेत. y = x² वर (s, s²) आणि (t, t²) या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढला तर (s² − t²) भागिले (s − t), म्हणजे s + t येतो. s सरकत सरकत t ला मिळाला की तो 2t होतो. अवकलनाचं नावही न घेता स्पर्शिकेचा चढ हाती आला.

म्हणून (t, t²) या बिंदूपाशी टेकणारी रेषा म्हणजे y = 2tx − t². आता एक साधी वजाबाकी करू. कुठल्याही x पाशी वक्र या रेषेच्या किती वर आहे? x² मधून 2tx − t² वजा करा. येतं x² − 2tx + t², म्हणजे (x − t)². सगळी गोष्ट या एका ओळीत आहे. स्पर्शबिंदूपासून आडव्या दिशेत जितकं दूर जावं, त्याच्या वर्गाइतकी स्पर्शिका वक्राच्या खाली राहते. एक एकक दूर गेलात तर 1 ने खाली, दोन एककं गेलात तर 4 ने, तीन गेलात तर 9 ने. स्पर्शबिंदू कुठलाही असो, डावीकडचा किंवा उजवीकडचा, वरचा किंवा तळाचा, हे अंतर बदलत नाही.

मग आपला प्रश्न उलटा वाचता येतो. (1, −3) च्या सरळ वर वक्रावरचा बिंदू आहे (1, 1). दोघांमधलं उभं अंतर 4. स्पर्शिका या जागी वक्राच्या 4 खाली आहे, तर तिचा स्पर्शबिंदू आडव्या दिशेत किती दूर असेल? 4 चं वर्गमूळ, म्हणजे 2. x = 1 पासून दोन डावीकडे गेलं की −1 आणि दोन उजवीकडे गेलं की 3. स्पर्शबिंदू झाले (−1, 1) आणि (3, 9). चढ −2 आणि 6. रेषा y = −2x − 1 आणि y = 6x − 9. दोन्हींमध्ये x = 1 घातला की y = −3 येतो. दुसरी रेषा वक्राशी ताडून पाहा: x² = 6x − 9 म्हणजे (x − 3)² = 0. एकच मूळ, पण दोनदा आलेलं. स्पर्शाची खूण हीच.

वर्गात हेच गणित बहुधा दुसऱ्या वाटेने करतात. रेषा y + 3 = m(x − 1) अशी मांडायची, वक्राच्या समीकरणात घालायची, x² − mx + m + 3 = 0 हे वर्गसमीकरण मिळवायचं आणि त्याचा विवेचक शून्य करायचा. m² − 4m − 12 = 0, म्हणून m = 6 किंवा −2. उत्तर तेच. ही पद्धत चुकीची नाही, पण m हाती आल्यावर रेषा कुठे टेकते ते पुन्हा शोधावं लागतं, आणि हे असं का होतंय याचा चित्रावरून काही पत्ता लागत नाही. मला उभ्या अंतराची वाट आवडते, कारण तिच्यात बाहेर आणि आत यांचा निवाडाही आपोआप होतो. बिंदू वक्राच्या खाली असेल तर अंतर धन, वर्गमूळ दोन, स्पर्शिका दोन. बिंदू वक्रावरच असेल तर अंतर शून्य आणि स्पर्शिका एकच. बिंदू वाटीच्या आत असेल तर अंतर ऋण, वर्गमूळ नाही, स्पर्शिकाही नाही. (1, 2) मधून कितीही रेषा काढून पाहा, प्रत्येक रेषा वक्राला आरपार छेदूनच जाईल.

आकडे नेहमी असे गोड येत नाहीत. (1, −2) घेतला तर अंतर 3, आणि स्पर्शबिंदूंचे x निर्देशक 1 − √3 आणि 1 + √3. परीक्षेतले आकडे पूर्ण वर्गाचे निवडलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. (5, 0) हा बिंदू घेतला तर वेगळी गंमत होते. वर वक्र 25 वर आहे, वर्गमूळ 5, म्हणून t = 0 आणि t = 10. t = 0 ची स्पर्शिका म्हणजे चक्क X-अक्ष. अक्ष ही ‘खरी’ रेषा नाही असं समजून विद्यार्थी ती खोडतात आणि y = 20x − 100 एवढंच लिहून मोकळे होतात.

वक्र y = x² असाच असला पाहिजे असं नाही. y = x² − 6x + 10 घ्या आणि बिंदू (2, 1). x = 2 पाशी वक्राची उंची 4 − 12 + 10 = 2. अंतर 1, वर्गमूळ 1, म्हणून स्पर्शबिंदू x = 1 आणि x = 3 पाशी, म्हणजे (1, 5) आणि (3, 1). पहिल्या बिंदूला (2, 1) शी जोडलं की −4 चढाची स्पर्शिका मिळते, दुसऱ्याला जोडलं की आडवी रेषा y = 1. x² चा सहगुणक 1 नसेल तर मात्र एक पायरी वाढते. y = ax² मध्ये स्पर्शिका a(x − t)² इतकी खाली असते, म्हणून वर्गमूळ घेण्याआधी अंतराला a ने भागायचं. ही पायरी विसरली की उत्तर चुकतं, आणि चुकलं हे ओळखणंही सोपं आहे. शोधलेल्या दोन बिंदूंना मूळ बिंदूशी जोडा आणि चढ 2at येतो का ते पाहा.

महाराष्ट्र बोर्डाच्या गणितात अन्वस्त आडवा असतो, y² = 4ax असा, उजवीकडे उघडलेला. तिथे विवेचकाच्या पद्धतीत एक खड्डा आहे. y² = 4x हा वक्र आणि (0, 2) हा बिंदू घ्या. रेषा y = mx + 2 मानली आणि विवेचक शून्य केला तर m² ची पदं एकमेकांना कापून जातात आणि उरतं 16 − 32m = 0. m = 1/2, उत्तर एकच: y = x/2 + 2. बिंदू बाहेर आहे, मग दुसरी स्पर्शिका गेली कुठे? ती Y-अक्ष आहे. उभ्या रेषेला चढ नसतो, म्हणून m च्या जाळ्यात ती सापडतच नाही. बाहेरच्या बिंदूतून एकच स्पर्शिका मिळाली तर ताबडतोब उभी रेषा तपासून पाहावी. अंतराची वाट इथेही चालते, फक्त आडवं आणि उभं यांची अदलाबदल होते. वक्र x = y²/4 असा लिहा. y = 2 च्या पातळीवर वक्र x = 1 वर आहे, आपला बिंदू x = 0 वर. अंतर 1, त्याला 1/4 ने भागलं की 4, वर्गमूळ 2. म्हणून y = 0 आणि y = 4; स्पर्शबिंदू (0, 0) आणि (4, 4). हरवलेली स्पर्शिका यात आधीपासूनच हजर आहे.

पुन्हा (1, −3) कडे वळू. दोन स्पर्शबिंदू (−1, 1) आणि (3, 9) एकमेकांना जोडले तर y = 2x + 3 ही जीवा मिळते, आणि तिचा मध्यबिंदू (1, 5). आता एका उभ्या रेषेवर तीन बिंदू झाले: −3 वर आपला बिंदू, 1 वर वक्र, 5 वर जीवेचा मध्य. वक्र बरोबर मधोमध. शिवाय (1, 1) पाशी वक्राचा चढ 2, जीवेचाही 2. सुरुवातीच्या त्या फसलेल्या y = 2x − 5 चा चढही 2 होता. ती रेषा स्पर्शिका नव्हतीच, पण जीवेला समांतर मात्र होती, त्यामुळे तिने दिशा खोटी सांगितली असं म्हणता येणार नाही.

वक्र मधोमध असतो हे ग्रीकांना अवकलनाच्या शेकडो वर्षं आधी माहीत होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अन्वस्ताच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढलं, तेव्हा ही गोष्ट त्याने आधीच सिद्ध झालेली म्हणून गृहीत धरली. त्याचा निष्कर्ष आपल्या आकृतीवर पडताळता येतो. दोन स्पर्शिका आणि जीवा यांच्या त्रिकोणाची आडवी रुंदी 4 आणि मधली उभी लांबी 8, म्हणून क्षेत्रफळ 16. त्यातला वक्र आणि जीवा यांच्यामधला भाग 32/3 भरतो, म्हणजे त्रिकोणाचा दोन-तृतीयांश. बाहेरचा बिंदू कुठलाही घेतला तरी हे प्रमाण बदलत नाही.

समीकरणं नको असतील तर हेच काम कागदाच्या घडीने होतं. A4 आकाराचा कोरा कागद उभा धरा. खालच्या कडेच्या मध्यापासून 4 सेंटिमीटर वर एक ठिपका द्या. ही नाभी. खालची कड ही नियता. नाभीपासून आणि नियतेपासून सारख्याच अंतरावर असलेल्या सगळ्या बिंदूंचा मिळून अन्वस्त होतो. तो काढलेला नसला तरी चालेल. आता नाभीपासून 4 सेंटिमीटर उजवीकडे आणि कडेपासून 2 सेंटिमीटर वर आपला बाहेरचा बिंदू ठेवा. त्याला P म्हणू. कंपासचं टोक P वर टेकवून नाभीतून जाणारं वर्तुळ काढा. ते खालच्या कडेला दोन ठिकाणी कापेल: एकदा बरोबर नाभीच्या खाली आणि एकदा तिथून 8 सेंटिमीटर उजवीकडे. कागद असा दुमडा की पहिला छेदनबिंदू नाभीवर बसेल, आणि घडी पक्की करा. कागद उलगडून दुसऱ्या छेदनबिंदूसाठी तसंच करा. दोन्ही घड्या P मधून जातात, आणि त्याच आपल्या स्पर्शिका.

असं का होतं? घडीवरचा प्रत्येक बिंदू नाभीपासून आणि कडेवरच्या त्या छेदनबिंदूपासून सारख्याच अंतरावर असतो, कारण दुमडताना एक बिंदू दुसऱ्यावर बसलेला असतो. छेदनबिंदूतून कडेला लंब काढा. तो घडीला जिथे भेटेल, त्या जागेचं नियतेपासूनचं अंतर आणि नाभीपासूनचं अंतर एकच. म्हणजे ती जागा अन्वस्तावर आहे. घडीवरच्या बाकी कुठल्याही जागेपासून छेदनबिंदूपर्यंतचं अंतर तिरकं असतं, त्यामुळे नियतेपर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा ते जास्तच भरतं. अशी जागा नाभीपेक्षा नियतेला जवळ, म्हणून वक्राच्या बाहेर. एका जागी वक्रावर आणि बाकी सगळी बाहेर, अशी ही घडी स्पर्शिकेखेरीज दुसरं काही असू शकत नाही. P वाटीच्या आत घेतला तर तो नियतेपेक्षा नाभीला जवळ असतो, वर्तुळ खालच्या कडेपर्यंत पोचतच नाही आणि घडी घालायला बिंदूच मिळत नाही. आधी ज्याला ऋण संख्येचं वर्गमूळ म्हटलं, त्याचं हे कागदावरचं रूप.

आपल्या मोजमापातली पहिली घडी कडेला समांतर येते आणि अन्वस्ताच्या तळाला टेकते. दुसरी घडी नाभीपासून 8 सेंटिमीटर उजवीकडे आणि कडेपासून 10 सेंटिमीटर वर टेकते. पट्टी लावून मोजा. एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर दोष घडीच्या जाडीचा. कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं टी. सुंदर राव यांचं इंग्रजी पुस्तक 1893 मध्ये मद्रासला प्रसिद्ध झालं. त्यात शांकवांवरही प्रकरण आहे, आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाची दखल घेतली होती.

हा बाहेरचा बिंदू आज आपल्या नकळत रोज वापरला जातो तो संगणकावरच्या अक्षरांत. ट्रूटाइप जातीच्या फाँटमध्ये अक्षराची प्रत्येक वळणदार कड अन्वस्तांचे तुकडे जोडून बनवलेली असते. ‘ळ’ च्या गाठी किंवा ‘क’ चा पोटाकडचा गोलावा यांचे हजारो बिंदू फाइलमध्ये साठवलेले नसतात. प्रत्येक तुकड्यासाठी तीनच बिंदू लागतात: वक्रावरचे दोन टोकाचे आणि त्याच्या बाहेरचा एक. बाहेरचा बिंदू म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पर्शिका जिथे भेटतात ती जागा. आपण बिंदू देऊन स्पर्शबिंदू शोधले. इथे तिन्ही दिलेले असतात आणि वक्र काढायचा असतो. (−1, 1), (1, −3), (3, 9) हे तीन बिंदू दिले तर संगणक आधी टोकाच्या दोन बिंदूंचा मध्य घेतो, (1, 5). मग त्याचा आणि बाहेरच्या बिंदूचा मध्य, (1, 1). हा वक्रावरचा बिंदू. अर्ध्या-अर्ध्या तुकड्यावर पुन्हा हेच करत गेलं की पडद्यावर कड गुळगुळीत दिसू लागते. फाँट आखणारा कलाकार कड जास्त फुगवायची असली की बाहेरचा बिंदू लांब ओढतो. तो जितका सरकतो, त्याच्या निम्म्याने त्या तुकड्याचा मधला बिंदू सरकतो.